माफीचा साक्षीदार, दुजोरा आणि सावधगिरीचा नियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साथीदार म्हणजे कायद्याच्या नजरेत नेमका कोण?

ज्या गुन्ह्याचा खटला चालू आहे त्याच गुन्ह्यात जाणूनबुजून सामील असलेला माणूस. कट रचताना बसलेला, हत्यार पुरवणारा, गाडी चालवणारा, बाहेर पहारा देणारा असे सगळे यात येतात. नुसते पाहिले आणि भीतीपोटी गप्प बसला, एवढ्यावर कोणी साथीदार ठरत नाही. त्याचे गप्प बसणे त्याच्या साक्षीला कमजोर करू शकते, पण तो मुद्दा वेगळा. सोपी कसोटी अशी: पुरावा उभा राहिला तर याच माणसाला याच गुन्ह्यासाठी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता आले असते का? उत्तर ‘हो’ असेल तर तो साथीदार.

साथीदार आणि माफीचा साक्षीदार एकच का?

प्रत्येक माफीचा साक्षीदार साथीदार असतो, पण प्रत्येक साथीदाराला माफी मिळालेली नसते. पोलिसांनी आरोपी न करता थेट साक्षीदार म्हणून उभा केलेला साथीदारही असू शकतो. माफीची रीतसर प्रक्रिया पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ ते ३०८ मध्ये होती. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ ते ३४५ मध्ये आहे. फक्त सत्र न्यायालयातच चालणाऱ्या, किंवा सात वर्षे अथवा त्याहून अधिक कैदेची शिक्षा असू शकणाऱ्या गुन्ह्यांत माफी देता येते. माफी पोलीस देत नाहीत, न्यायालय देते. ती देण्याची कारणे लिहून ठेवावी लागतात, आणि आरोपीने अर्ज केल्यास त्या नोंदीची प्रत त्याला विनामूल्य मिळते. बचाव पक्षाचे अनेक वकील ही प्रत मागतच नाहीत. माफी कोणत्या टप्प्यावर, कशाच्या आधारे दिली गेली हे तिच्यात दिसते, म्हणून ती मागायला हवी.

माफीची अट एकच: माणसाला गुन्ह्याबद्दल आणि त्यात सामील असलेल्या प्रत्येकाबद्दल जे जे ठाऊक आहे ते पूर्ण आणि खरे सांगायचे.

दंडाधिकाऱ्याच्या टप्प्यावर माफी मिळाली असेल, तर खटला वर पाठवण्याआधी त्या साक्षीदाराची दंडाधिकाऱ्यासमोर साक्ष व्हावी लागते आणि पुढे सत्र न्यायालयात पुन्हा. पहिली साक्ष घ्यायची राहून गेली तर तो गंभीर दोष ठरतो. आपल्याविरुद्ध काय सांगितले जाणार आहे हे आरोपीला लवकर कळावे आणि दोन साक्षींतली तफावत दाखवता यावी, ही सोय त्यामुळे बुडते. खटला सत्र न्यायालयाकडे आल्यावर तिथेच माफी दिली गेली तर हा आधीचा टप्पा उरत नाही. साक्षीदार जामिनावर नसेल तर कायद्याच्या शब्दांप्रमाणे त्याला खटला संपेपर्यंत कोठडीतच राहावे लागते.

आरोपी स्वतः माफी मागू शकतो का?

मागू शकतो. लेफ्टनंट कमांडर पास्कल फर्नांडिस विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६८) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आरोपीचा असा अर्ज थेट आला, तर न्यायालयाने आधी तो सरकार पक्षाकडे पाठवून त्याचे म्हणणे घ्यावे. पुराव्यात कुठे भोक आहे आणि ते बुजवायला या माणसाची खरोखर गरज आहे का, हे सरकार पक्षालाच माहीत असते. गरज नसताना दिलेली माफी म्हणजे एका गुन्हेगाराला मोकळे सोडणे.

अशा साक्षीकडे न्यायालय संशयाने का पाहते? शपथेवरच तर बोलतो.

कारणे तीन, आणि तिन्ही व्यवहारातली आहेत. पहिले, त्याचा स्वार्थ उघड आहे: दुसऱ्यांना अडकवले की स्वतःची मान सुटते. दुसरे, तो स्वतःच्या तोंडाने गुन्ह्यातला भागीदार आहे आणि आपल्या सोबत्यांशी दगाफटका करून आला आहे. तिसरे कारण सगळ्यांत घातक, पण अनेकदा नजरेतून सुटते. तो गुन्ह्याच्या जागी खरोखर होता, त्यामुळे त्याने सांगितलेला तपशील तंतोतंत जुळतो. दार कोणत्या बाजूने उघडते, दिवा चालू होता की बंद, मृताच्या अंगावर काय होते, हे सगळे बरोबर. या खऱ्या तपशिलाच्या आत एक खोटे नाव बेमालूम बसवता येते. प्रत्यक्ष वार करणाऱ्या भावाच्या जागी गावातल्या वैऱ्याचे नाव घातले, तर बाकीची हकिकत तशीच खरी राहते. साथीदाराच्या शब्दाला दुसरीकडून स्वतंत्र आधार, म्हणजे दुजोरा, हवा हा सगळा नियम या एका धोक्यासाठी आहे, हे लक्षात ठेवले की पुढची उत्तरे आपोआप समजतील.

कायद्यात दोन कलमे एकमेकांच्या विरोधात आहेत असे म्हणतात. खरे का?

१८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात कलम १३३ म्हणत होते की साथीदार हा आरोपीविरुद्ध सक्षम साक्षीदार आहे, आणि केवळ त्याच्या दुजोरा नसलेल्या साक्षीवर शिक्षा झाली म्हणून ती बेकायदा ठरत नाही. कलम ११४ च्या उदाहरणांपैकी दुसरे उदाहरण मात्र सांगत होते की महत्त्वाच्या तपशिलांत दुजोरा मिळाल्याशिवाय साथीदार विश्वासास पात्र नाही, असे न्यायालय गृहीत धरू शकते.

विरोध वाटतो तेवढा नाही. पहिले कलम न्यायालयाचा अधिकार सांगते, दुसरे तो अधिकार वापरताना ठेवायचे भान सांगते. दुसऱ्या कलमात ‘गृहीत धरू शकते’ असे आहे, ‘धरलेच पाहिजे’ असे नाही. भिवा दौलू पाटील विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६३) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दोन कलमे एकत्र वाचली. परभणी जिल्ह्यातल्या मानवत हत्याकांडातून आलेल्या दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७७) या निकालातही दोन्हींत विसंगती नाही हे स्पष्ट केले. यातून तयार झालेला प्रघात असा की दुजोऱ्याशिवाय शिक्षा करणे बेकायदा नसले तरी धोक्याचे आहे, म्हणून न्यायालये ती करत नाहीत. अगदी अपवादाने करायची झालीच, तर हा धोका आपल्या डोळ्यांसमोर होता आणि तरीही विश्वास का ठेवला, हे न्यायाधीशाने निकालपत्रात लिहिले पाहिजे. हाच सावधगिरीचा नियम.

१ जुलै २०२४ पासून काय बदलले?

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ त्या दिवशी लागू झाला. जुने कलम १३३ आता कलम १३८ आहे आणि जुने ११४ आता ११९. दुसरे उदाहरण जसेच्या तसे आले आहे. बदल कलम १३८ मध्ये आहे आणि तो छोटा नाही. आधी ‘दुजोरा नसलेल्या’ साक्षीवरची शिक्षा बेकायदा नाही असे होते. आता ‘दुजोरा असलेल्या’ साक्षीवरची शिक्षा बेकायदा नाही असे आहे. दुजोरा नसताना शिक्षा केली तर ती सरळ बेकायदा, असे कलमात लिहिलेले नाही. पण ती वाचवणारा जुना शब्दच गेला आहे. बचाव पक्ष आता हा मुद्दा प्रघात म्हणून नव्हे तर कलमाची भाषा म्हणून मांडू शकतो, हा फरक मोठा आहे.

मात्र ज्या खटल्याची सुनावणी किंवा अपील १ जुलै २०२४ ला आधीच चालू होते, तिथे नव्या अधिनियमाच्या कलम १७० मुळे १८७२ चा कायदाच लागू राहतो. युक्तिवादात चुकीचे कलम सांगितले जाते ते बहुतेक इथेच.

दुजोरा किती लागतो? साक्षीतली प्रत्येक गोष्ट सिद्ध व्हायला हवी का?

नाही. प्रत्येक गोष्ट दुसरीकडून सिद्ध होत असेल तर साथीदाराची गरजच काय? रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य (१९५२) मध्ये न्या. विवियन बोस यांनी इंग्लंडमधल्या १९१६ च्या बास्करव्हिल निकालाचा आधार घेत हे नीट मांडले. दुजोरा प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराकडूनच यावा असे नाही, परिस्थितीजन्य पुरावाही चालतो. दुजोऱ्याचा पुरावा एकट्याने शिक्षेला पुरेसा असण्याचीही गरज नाही. पण तो स्वतंत्र हवा, म्हणजे साथीदाराच्या तोंडून आलेला नको. आणि गुन्हा घडला एवढेच दाखवून भागत नाही, त्या विशिष्ट आरोपीला गुन्ह्याशी जोडणारा धागा त्यात हवा.

शेवटची अट सगळ्यांत जास्त खटल्यांत मोडते. शवविच्छेदनात चाकूचे तीन वार निघाले आणि माफीचा साक्षीदारही तीनच वार म्हणाला, तर ‘वैद्यकीय पुराव्याने साक्षीला दुजोरा मिळाला’ असे वाक्य निकालपत्रात येते. ते खरे असते, पण अपुरे. वार तीन होते यावरून साक्षीदार तिथे होता इतकेच कळते, आणि ते तर तो स्वतःच कबूल करतो. वार कोणी केले हा प्रश्न तसाच उरतो.

या शेवटच्या अटीचे एखादे खरे उदाहरण?

गांधी हत्येचा खटला. दिल्लीच्या लाल किल्ल्यात विशेष न्यायाधीश आत्माचरण यांच्यासमोर १९४८ मध्ये तो चालला. पुण्यात शस्त्र भांडार चालवणारा दिगंबर बडगे आरोपी होता. जूनमध्ये त्याला माफी मिळाली आणि तो सरकार पक्षाचा मुख्य साक्षीदार झाला.

वि. दा. सावरकरांविरुद्ध बडगेने सांगितलेला मुख्य भाग १७ जानेवारी १९४८ चा आहे. नथुराम गोडसे, नारायण आपटे आणि तो मुंबईत टॅक्सीने शिवाजी पार्कजवळच्या सावरकर सदनात गेले. गोडसे आणि आपटे वरच्या मजल्यावर गेले, हा खाली थांबला. पाच-दहा मिनिटांनी ते दोघे खाली आले, मागोमाग सावरकर आले आणि ‘यशस्वी होऊन या’ असे म्हणाले. परतीच्या वाटेवर, गांधीजींची शंभर वर्षे भरली असे सावरकरांनी भाकीत केल्याचे आपटेने आपल्याला सांगितले, असेही बडगे म्हणाला. त्याआधी १४ जानेवारीलाही गोडसे आणि आपटे त्याच घरी गेल्याचे त्याच्या साक्षीत होते.

सरकार पक्षाने यासाठी स्वतंत्र साक्षीदार आणले. एका अभिनेत्रीने सांगितले की १४ तारखेला तिने गोडसे आणि आपटे यांना शिवाजी पार्कला सावरकर सदनाजवळ सोडले. १७ तारखेच्या टॅक्सीचालकाने त्या भागातली फेरी सांगितली. दोघांचाही कटाशी संबंध नव्हता.

आता हा पुरावा साक्षीवर एकेक करून बसवून पाहा. गोडसे आणि आपटे त्या दिवशी त्या भागात गेले का? दुजोरा आहे. ते सावरकरांना भेटले का? दुजोरा नाही. त्याच घरात इतर माणसेही राहत होती, त्यामुळे घरापर्यंत जाणे म्हणजे भेटणे असे होत नाही. ‘यशस्वी होऊन या’ हे शब्द उच्चारले गेले का? बडगेशिवाय कोणी नाही. ते शब्द हत्येबद्दलच होते का? तेही बडगेच्याच भरवशावर. शंभर वर्षांचे वाक्य तर आपटेच्या तोंडून बडगेने ऐकलेले. म्हणजे दुजोरा रस्त्यावरून दारापर्यंत येतो आणि दारातच थांबतो.

न्यायाधीशांनी बडगेला खोटा ठरवले नाही, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. तो सरळपणे बोलला, उलटतपासणीला त्याने टाळाटाळ केली नाही, असेच त्यांचे मत होते. त्याच्या साक्षीतल्या ज्या भागाला दुसरीकडून आधार मिळाला तो इतर आरोपींविरुद्ध उपयोगी पडला. सावरकरांविरुद्ध मात्र केवळ माफीच्या साक्षीदाराचीच हकिकत उरते आणि तिच्यावर निष्कर्ष काढणे सुरक्षित नाही, असे सांगून १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालात त्यांना निर्दोष सोडण्यात आले. साक्षीदार तोच, पिंजरा तोच, शपथ तीच, पण एका आरोपीला साक्ष लागू पडली आणि दुसऱ्याला नाही. या निकालावर राजकीय वाद आजही होतात. पुराव्याच्या नियमापुरते पाहिले तर त्यात नवे काही नव्हते.

नंतर कपूर आयोगासमोर दुजोरा आला होता म्हणतात, त्याचे काय?

गांधी हत्येच्या कटाची चौकशी करण्यासाठी १९६६ मध्ये नेमलेल्या कपूर आयोगाच्या अहवालात सावरकरांचे अंगरक्षक आणि सचिव यांचे पोलिसांनी मार्च १९४८ मध्ये नोंदवलेले जबाब आले. त्यांत जानेवारीतल्या भेटीगाठींचा उल्लेख होता. पण त्या दोघांना खटल्यात साक्षीदार म्हणून उभे केले गेले नव्हते. पोलिसांपुढचा जबाब म्हणजे न्यायालयातला पुरावा नव्हे, आणि उलटतपासणीत ते जबाब कितपत टिकले असते हे आज कोणी सांगू शकत नाही. आजच्या तपास अधिकाऱ्याने आणि सरकारी वकिलाने यातून घ्यायचे ते एवढेच की तपासाच्या कागदांत असलेला दुजोरा पिंजऱ्यात आणला नाही, तर निकालाच्या दृष्टीने तो नसल्यातच जमा.

आजच्या खटल्यात हे तपासायचे कसे? उदाहरण घेऊन सांगा.

एक काल्पनिक खटला घेऊ. एका व्यापाऱ्याचा रात्री गोदामात खून झाला आणि रोकड गेली. चार जण पकडले: क, ख, ग आणि म. ‘म’ माफीचा साक्षीदार होतो. त्याची साक्ष अशी: ‘क’ने कट रचला, ‘ख’ने गळा आवळला, ‘ग’ने गाडी आणली, मी दाराशी उभा होतो.

आता प्रत्येक आरोपीचे वेगळे पान करा आणि त्या पानावर ‘म’चा शब्द सोडून काय उरते ते लिहा.

‘ग’च्या पानावर: त्याच्या नावावरची गाडी रात्री पावणेबाराला टोलनाक्याच्या कॅमेऱ्यात दिसते आणि मागच्या सीटवर मृताच्या रक्तगटाचे डाग मिळतात. डाग गाडीला गुन्ह्याशी जोडतात, पण गाडी ‘ग’च चालवत होता हे अजून उरते. कॅमेऱ्यात चेहरा दिसत असेल किंवा त्या रात्री गाडी त्याच्याच ताब्यात होती असे दुसरा कोणी सांगत असेल, तर दुजोरा बराच पक्का. फक्त नोंदणी त्याच्या नावावर असेल तर कच्चा.

‘ख’च्या पानावर: मृताचे घड्याळ त्याच्या घरातून जप्त झाले. जप्तीच्या दोन पंचांपैकी एक फितूर झाला, दुसरा टिकला. घड्याळ मुलाने ओळखले. गुन्ह्यानंतर चौथ्याच दिवशी मिळालेली वस्तू आणि ती कुठून आली याचे स्पष्टीकरण नाही, हा चांगला दुजोरा. मात्र पंचनाम्यावर वेळ सकाळची आणि स्टेशन डायरीत पथक निघाल्याची नोंद दुपारची असेल, तर याच ठिकाणी सगळे ढासळते.

‘क’च्या पानावर: घटनेआधीच्या आठवड्यात ‘क’ आणि ‘म’ यांच्यात चौदा फोन झाल्याची नोंद. आणि ज्या दोरीने गळा आवळला ती ‘म’ने स्वतः नाल्यातून काढून दिली. दोरीचा ‘क’शी काही संबंध नाही, ती ‘म’च्याच माहितीवरून मिळाली. फोनवर काय बोलणे झाले ते ‘म’शिवाय कोणाला माहीत नाही. दोघे एकाच गावचे आणि व्यवहारातले असतील तर चौदा फोन काहीच सांगत नाहीत. फोनच्या नोंदींसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडलेले नसेल तर त्या वाचताही येणार नाहीत. ‘क’चे पान कोरेच म्हणायचे.

निकाल साधारण असा लागेल: ‘ख’ दोषी, ‘ग’ पुराव्याच्या पक्केपणावर अवलंबून, ‘क’ निर्दोष. आणि ‘क’ हाच खरा सूत्रधार असण्याची शक्यता भरपूर आहे. हे पचायला कठीण आहे, पण वर सांगितलेला खोट्या नावाचा धोका नेमका सूत्रधाराच्या बाबतीतच सर्वांत मोठा असतो. तो जागेवर नसतो, म्हणून त्याचे नाव बदलणे सर्वांत सोपे.

दुजोऱ्याचा पुरावा केव्हा गोळा झाला याला महत्त्व आहे का?

फार. साथीदाराने तोंड उघडण्याआधीच पोलिसांच्या हाती आलेली वस्तू किंवा जबाब उत्तम, कारण त्या वेळी साक्षीदाराची हकिकत कोणालाच माहीत नव्हती. त्यानंतर गोळा झालेल्या पुराव्याबद्दल, हकिकतीच्या मापाने तो शिवला गेला असा आक्षेप घेता येतो. म्हणून तारखांची एक साधी यादी करावी: अटक, पहिला जबाब, दंडाधिकाऱ्यासमोरचा जबाब, माफी, प्रत्येक जप्ती. माफीच्या दुसऱ्याच दिवशी ‘अचानक’ सापडलेला साक्षीदार या यादीत लगेच उठून दिसतो.

दोन माफीचे साक्षीदार असतील तर एकमेकांना दुजोरा देऊ शकतात का?

साधारणपणे नाही. दुजोरा स्वतंत्र हवा, आणि दोन्ही साक्षी एकाच डागाळलेल्या झऱ्यातून येतात. दोघे एकाच कोठडीत महिनोन् महिने एकत्र असतील तर विचारायलाच नको.

त्याचा आधीचा जबाब त्याच्या साक्षीशी जुळतो, हा दुजोरा नाही का?

आधीचे कथन साक्षीला पुष्टी म्हणून दाखवता येते, कायदा तेवढी मुभा देतो. पण तो माणूस आपल्याच शब्दाला आपलाच शब्द जोडतो, स्वतंत्र असे काही येत नाही. आरोपीशी जोडणारा दुवा म्हणून त्याची किंमत जवळजवळ शून्य. तो उपयोगी पडतो तो उलट बाजूने: जुळला नाही तर साक्ष पडते.

सहआरोपीचा कबुलीजबाब आणि माफीच्या साक्षीदाराची साक्ष यांत जड काय?

साक्ष. माफीचा साक्षीदार शपथेवर बोलतो आणि उलटतपासणीला सामोरा जातो. सहआरोपीच्या कबुलीजबाबाला यातले काहीच लागत नाही, म्हणून कश्मिरा सिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९५२) मध्ये क्रम ठरवून दिला गेला. आधी कबुलीजबाब बाजूला ठेवून बाकीचा पुरावा तपासा. त्यावर शिक्षा होऊ शकते असे वाटले तर मन पक्के करण्यापुरता कबुलीजबाब वापरा. साथीदाराच्या साक्षीपासून सुरुवात करून दुजोरा शोधता येतो, कबुलीजबाबापासून सुरुवातच करता येत नाही. सत्र न्यायालयांत हा क्रम उलटा झालेला अजूनही दिसतो.

लाच देणारा तक्रारदार साथीदार ठरतो का? आणि बलात्कार पीडित?

स्वतःचे काम काढण्यासाठी राजीखुशीने लाच देणारा साथीदार ठरू शकतो. लाच मागितली म्हणून तक्रार करून सापळ्यात सहभागी झालेला मात्र साथीदार नाही. त्याचा खटल्यात हेतू गुंतलेला आहे एवढेच, आणि त्या हिशेबाने त्याची साक्ष काळजीपूर्वक वाचायची. बिहार राज्य विरुद्ध बसावन सिंग (१९५८) मध्ये हा भेद स्पष्ट केला आहे.

पीडितेच्या बाबतीत उत्तर ठाम ‘नाही’ असे आहे. तिने काहीही केलेले नसते, तिच्यावर केले गेलेले असते. महाराष्ट्र राज्य विरुद्ध चंद्रप्रकाश केवलचंद जैन (१९९०) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला साथीदाराच्या पंक्तीत बसवता येणार नाही, तिची साक्ष जखमी साक्षीदाराच्या साक्षीसारखी पाहावी, असे सांगितले. तरीही ‘दुजोरा नाही’ हा युक्तिवाद जुन्या सवयीने केला जातो.

‘दुहेरी कसोटी’ म्हणजे काय?

सरवण सिंग विरुद्ध पंजाब राज्य (१९५७) मधून आलेली कसोटी. आधी पाहायचे, हा साक्षीदार मुळात विश्वासार्ह आहे का? नसेल तर काम तिथेच संपते, दुजोरा शोधायची गरज नाही. असेल तरच पुढचा प्रश्न: पुरेसा दुजोरा आहे का? नंतरच्या निकालांनी सांगितले की या दोन खोल्या पूर्ण बंद नाहीत, विश्वासार्हता ठरवताना आजूबाजूचा पुरावाही डोळ्यांसमोर असतोच. तरी एक गोष्ट पक्की आहे: मुळात खोट्या साक्षीला दुजोऱ्याने खरेपणा येत नाही.

विश्वासार्हता उलटतपासणीत कुठे मोडते?

सगळ्यांत जास्त वेळा ती स्वतःचा वाटा लपवताना मोडते. ‘मी फक्त उभा होतो, मला काही कळले नाही, मी तर थांबवत होतो’ असे सांगणारा आपण निर्दोष असल्याचे दाखवतो. मग तो साथीदार कसला आणि त्याला माफी कशाची? पूर्ण सत्य सांगण्याच्या अटीलाच ते छेद देते. याउलट स्वतःच्या हाताने काय केले ते नेमके सांगणारा माणूस जास्त पटतो.

दुसरी जागा म्हणजे भर घालणे. दंडाधिकाऱ्यासमोर दोन नावे होती आणि सत्र न्यायालयात तिसरे आले, तर ते तिसरे नाव का सुचले, हे विचारण्याआधी त्याचा पहिला जबाब ओळीने त्याच्यासमोर ठेवून तिथे ते नाव नाही हे त्याच्याकडून वदवून घ्यावे लागते. ही पायरी गाळली की अपिलात त्या तफावतीचा फायदा मिळत नाही.

तिसरी जागा: अटकेपासून जबाबापर्यंतचे दिवस. कोठडीत किती दिवस होता, कोण भेटायला आले, घरच्यांपैकी कोणाला सोडून दिले का.

माफी घेऊन नंतर तो फिरला तर?

सरकारी वकील प्रमाणपत्र देतो की याने महत्त्वाचे काही लपवले, किंवा खोटी साक्ष देऊन माफीची अट मोडली. मग मूळ गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालतो, मात्र इतर आरोपींबरोबर एकत्र नाही. खोट्या साक्षीबद्दल वेगळा खटला करायचा तर उच्च न्यायालयाची मंजुरी लागते. मूळ गुन्ह्याच्या खटल्यात न्यायालयाने त्याला आधी विचारायचे असते की अट पाळली असे त्याचे म्हणणे आहे का. तसे म्हणणे असेल तर अट मोडली हे सिद्ध करणे सरकार पक्षाचे काम. ते सिद्ध झाले नाही, तर गुन्हा कितीही उघड असला तरी तो सुटतो. माफी घेताना त्याने दिलेला जबाब आणि माफीनंतरची साक्ष या खटल्यात त्याच्याचविरुद्ध वापरता येतात. म्हणून माफीचा अर्ज करण्याआधी वकिलाने अशिलाला हा भाग कागदावर लिहून वाचून दाखवावा.